दुःखाच्या घरातून सोयऱ्यांना निरोप

रविवारी सकाळी अकराला मुलाकडची माणसं येणार असतात. पत्रिका जुळलेली असते, फोटो पसंत पडलेले असतात, मुलगा-मुलगी फोनवर दोन-तीनदा बोललेलीही असतात. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी मुलीची आजी जाते. रडारड, नातेवाइकांना फोन, स्मशानातली तयारी, गावाहून निघालेल्यांची वाट बघणं. अंत्यसंस्कार उरकून माणसं घरी परततात आणि रात्री कुणाला तरी आठवतं, रविवारचं काय? पाहुण्यांना कळवलं का कुणी?

मग कुणीतरी घाईघाईने व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाकतं. ‘आमच्याकडे दुःखद घटना घडली आहे. रविवारचा कार्यक्रम रद्द. पुढचं नंतर कळवतो.’ पाठवणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, आणि त्या रात्री त्याच्याकडून याहून जास्तीची अपेक्षाही करता येत नाही. पण तिकडे मुलाच्या घरी हा निरोप तीनतीनदा वाचला जातो. कोण गेलं, ते लिहिलेलं नाही. ‘पुढे ढकललं’ असं न लिहिता ‘रद्द’ लिहिलंय. ‘नंतर कळवतो’ म्हणजे कधी? मुलाची आई म्हणते, नकारच दिसतोय. मुलाचे वडील म्हणतात, थांबू या. दोन आठवडे थांबून ते दुसऱ्या स्थळाकडे जातात. महिन्याने मुलीच्या वडिलांचा फोन येतो तेव्हा तिकडे बोलणी बरीच पुढे गेलेली असतात.

मुलाच्या आईची शंका अनाठायी म्हणता येत नाही. स्थळांच्या व्यवहारात आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची रीत नाही. ‘पत्रिका जुळत नाही’, ‘मुलीला अजून शिकायचंय’, ‘घरात जरा अडचण आहे, पुढे बघू’, ‘आम्ही कळवतो’ ही सगळी नकाराची सभ्य रूपं आहेत आणि लग्नाची मुलं असलेल्या प्रत्येक घराला ती ओळखता येतात. पुढे ढकलणं हे नकाराचं सर्वांत जास्त वापरलेलं रूप. त्यामुळे घरात खरोखर कुणी गेलं असेल आणि कार्यक्रम खरोखरच पुढे न्यायचा असेल, तर तो निरोप नकारासारखा दिसता कामा नये. या प्रसंगातलं सौजन्य म्हणजे प्रामुख्याने एवढंच. समोरच्याला तर्क करत बसायला लावायचं नाही.

निरोपात काय हवं

अशा निरोपात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. कोण गेलं आणि कधी. ठरलेला दिवस होणार नाही. स्थळाबद्दलचं आमचं मन बदललेलं नाही. आणि पुढचा फोन कोण, साधारण कोणत्या तारखेला करणार. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक निरोपांत असतात. गैरसमज होतो तो उरलेल्या दोन सुटतात म्हणून. तिसरी बोलायला संकोच वाटतो, कारण घरात मृतदेह असताना सोयरिकीबद्दल बोलणं अनेकांना अप्रशस्त वाटतं. म्हणूनच ते एका वाक्यात, शांतपणे आणि तिसऱ्या माणसाच्या तोंडून सांगितलेलं बरं.

हा तिसरा माणूस कोण, ते नात्यांतून आपोआप ठरतं. स्थळ मध्यस्थाने सुचवलं असेल तर पहिला फोन मध्यस्थाला करावा आणि लगेच दुसरा फोन थेट समोरच्या घरी. निरोप फक्त मध्यस्थावर सोडू नये. त्याच्या तोंडी कधी एखादा शब्द जास्तीचा येतो, कधी कमी पडतो. घरच्यांच्या बाजूने बोलायला मुलीचा किंवा मुलाचा मामा फार योग्य ठरतो. आजी वडिलांकडची असेल तर मामाला तिचं सुतक नसतं, तो अंत्यविधीच्या धावपळीत वडिलांइतका गुंतलेला नसतो, आणि लग्नाच्या बोलण्यांत मामाचा मान असल्याने समोरच्यांना तो परका वाटत नाही. मामा नसेल तर आत्याचे यजमान, थोरला जावई किंवा वडिलांचा जवळचा मित्रही चालतो. ज्याची आई गेली आहे त्या माणसाला स्वतः फोन करायला लावू नये.

वेळ म्हणाल तर त्याच दिवशी, अंत्यसंस्कार आटोपल्यावर. भेट दुसऱ्याच दिवशी असेल तर त्याआधीही. कारण हल्ली बातमी वेगळ्याच वाटेने पोचते. घरातला एखादा पुतण्या आजीचा फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं स्टेटस ठेवतो, ते मुलगा पाहतो, आणि आपल्याला कुणी कळवलं नाही याचं वाईट वाटून बसतो.

फोनवरचं बोलणं साधारण असं असावं.

‘मी मुलीचा मामा बोलतोय. एक वाईट बातमी सांगायला फोन केलाय. ताईच्या सासूबाई, म्हणजे मुलीच्या आजी, आज दुपारी गेल्या. बरेच दिवस अंथरुणावर होत्या. आता घरात सुतक आहे, त्यामुळे रविवारी अकरा तारखेला तुमचं येणं व्हायचं नाही. भाऊजींनी मुद्दाम सांगायला सांगितलंय की स्थळाबद्दल आमचं मन आहे तसंच आहे. तेरावा अठरा तारखेला आहे. तो झाला की वीस तारखेच्या आत मीच तुम्हाला फोन करतो, मग दिवस ठरवू.’

यात माफी मागितलेली नाही. माणूस जाणं हा कुणाचा अपराध नव्हे, तेव्हा ‘तुमची फार गैरसोय झाली, क्षमा करा’ असं पुन्हापुन्हा म्हणण्याची गरज नाही. आजारपणाचा तपशीलही एका वाक्यात संपवलाय. कोणत्या दवाखान्यात होत्या, डॉक्टर काय म्हणाले, हे ज्यांची अजून भेटही झालेली नाही अशांना सांगायला नको. वाराबरोबर तारीख सांगितली आहे, कारण ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे काहींच्या मते येता रविवार आणि काहींच्या मते त्यानंतरचा.

फोन झाल्यावर तेच दोन-तीन ओळींत लिहून पाठवावं, म्हणजे ज्याने फोन घेतला त्याला घरात इतरांना नीट सांगता येतं. ‘फोनवर बोलल्याप्रमाणे, मुलीच्या आजींना आज 6 तारखेला दुपारी देवाज्ञा झाली. 11 तारखेची भेट पुढे नेत आहोत. तेराव्यानंतर, 20 तारखेपर्यंत मी फोन करतो.’ एवढं पुरे. अशा मजकुराच्या सुरुवातीला ‘श्री’ किंवा ‘सप्रेम नमस्कार’ घालत नाहीत, हे वडीलधाऱ्यांना चटकन जाणवतं. पूर्वी दुखवट्याचं पोस्टकार्ड कोपरा फाडून पाठवत. हातात पडताच आत काय आहे ते कळे, आणि वाचून झालं की ते फाडून टाकत, घरात ठेवत नसत. आता पोस्टकार्ड गेलं, पण अशा बातमीची भाषा वेगळी असते ही जाण टिकून आहे. म्हणून फुलांची चित्रं आणि हात जोडलेल्या खुणा गाळाव्यात. लग्नाच्या बायोडेटासाठी केलेल्या ग्रुपवर ही बातमी टाकू नये.

दिवस मोजताना

वरच्या बोलण्यातल्या तारखा तशा का आहेत, ते पाहू. महाराष्ट्रातल्या बहुतेक हिंदू घरांत पितृकुळातल्या माणसाचं सुतक 10 दिवस पाळतात. मृत्यूचा दिवस पहिला धरायचा. 6 तारखेला मंगळवारी आजी गेली, तर दहावा 15 तारखेला गुरुवारी येतो, मग अकरावा, बारावा, आणि तेरावा 18 तारखेला रविवारी. दहाव्याला पिंडदान, बाराव्याला सपिंडी आणि तेराव्याला गोडाचं जेवण किंवा उदकशांत असा अनेक घरांतला क्रम आहे. रात्री उशिरा मृत्यू झाला असेल तर तो दिवस कोणता धरायचा याबद्दल रिवाज सारखे नाहीत. अशा वेळी गुरुजींना विचारून मगच तारीख सांगावी.

नेमकी इथेच एक चूक वारंवार होते. मुलाकडचे भल्या मनाने म्हणतात, ‘हरकत नाही, हा रविवार नको तर पुढच्या रविवारी येतो.’ इकडे कुणीतरी नुसत्या भिडेने ‘हो’ म्हणतं. पण मंगळवारी मृत्यू झाला की दुसऱ्या आठवड्यातला रविवार हाच तेरावा असतो. घरात गुरुजी, नातेवाईक, पंगत, आणि त्यातच नवे पाहुणे! मग पुन्हा फोन, पुन्हा पुढे ढकलणं. एकदा ढकललेली भेट समोरचे समजून घेतात. दुसऱ्यांदा ढकलली की संशय येतो. म्हणून पहिल्या फोनवर भेटीची नवी तारीख देऊच नये, फोनची तारीख द्यावी. दुःखाच्या पहिल्या दिवशी पुढच्या भेटीचा दिवस ठरवण्याच्या मनःस्थितीत कुणी नसतं. फोन करीन एवढं वचन मात्र पाळता येतं.

तेराव्यानंतरचा पहिला रविवार 25 तारखेला, म्हणजे विसाव्या दिवशी येतो. आजी वय होऊन गेली असेल आणि घर सावरलं असेल तर तो दिवस चालतो. पण महिना भरायच्या सुमाराला ऊनमासिक आणि मासिक श्राद्ध येतात. त्यामुळे त्यानंतरचा रविवार धरताना या विधींच्या तारखा आधी विचारून घ्याव्यात. बघण्याच्या भेटीला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे पंचांगातून दिवस शोधण्याचं कारण नाही. तरी पितृपक्षात अशी भेट ठरवायला बरीच घरं नाखूश असतात. तो पंधरवडा जवळ असेल तर त्याआधी किंवा नंतर असं सरळ बोलून घ्यावं.

सुतक कुणाला किती, हेही इथे उपयोगी पडतं. भावकीतला चुलत चुलता गेला तरी गावाकडे सगळ्या भावकीला 10 दिवस सुतक येतं, मग त्या चुलत्याचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलेलं नसलं तरी. उलट आईकडची आजी गेली तर नातवंडांचं सुतक शास्त्राप्रमाणे फार थोडं, पण मुलीचं सगळं बालपण त्या आजीच्या मांडीवर गेलेलं असू शकतं. पहिल्या प्रसंगात ‘भावकीत सुतक आहे, सोळा तारखेनंतर कधीही या’ एवढं सांगितलं तरी चालतं. दुसऱ्या प्रसंगात सुतक फिटलं म्हणून लगेच चौथ्या दिवशी मुलीला साडी नेसवून पाहुण्यांसमोर बसवणं क्रूरपणाचं होईल. पंचांग सांगतं तो कमीत कमी काळ. त्यापुढे किती थांबायचं, हे ज्याचं लग्न ठरायचं आहे त्याला किंवा तिला विचारूनच ठरवायला हवं. बऱ्याच घरांत हा प्रश्न मुलीला कुणी विचारतच नाही.

समोरचं घर वेगळ्या रिवाजाचं असेल तर आपले दिवस त्यांना उलगडून सांगावेत. बसवण्णांच्या परंपरेत सुतक नाकारलेलं आहे, त्यामुळे एखाद्या लिंगायत घराला 13 दिवसांचा हिशोब आपोआप कळेलच असं नाही. मुस्लिम घरात वडील वारले तर आईची इद्दत 4 महिने 10 दिवसांची असते आणि त्या काळात ती सहसा घराबाहेर पडत नाही. अशा घराला ‘तुम्ही सगळे आमच्याकडे या’ म्हणण्याआधी हे माहीत असायला हवं.

वडील किंवा आई गेल्यावर

आजीच्या जाण्यापेक्षा वडिलांचं किंवा आईचं जाणं वेगळं. तिथे पुढे ढकलणं दोन-तीन आठवड्यांचं राहत नाही, आणि लगेच एक जुनं वाक्य ऐकू येऊ लागतं. ‘वर्षाच्या आत कार्य उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल.’ समाचाराला आलेली माणसं हे दहाव्याच्या आतच बोलून जातात. बोलणाऱ्याला घराची काळजी असते. पण ज्या मुलीचा बाप गेलाय, तिच्या कानावर हे पडलं की आपलं लग्न म्हणजे मुदतीत उरकायचं काम आहे असं तिला वाटू लागतं.

शास्त्रग्रंथांत या बाबतीत काय आहे, हे माहीत असलं तर थोडा दिलासा मिळतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 मध्ये पूर्ण केलेला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ महाराष्ट्रातले पुरोहित आजही आधाराला घेतात. लग्न ठरल्यानंतर घरात मृत्यू झाला तर त्याला ‘प्रतिकूल’ म्हणतात. त्यासाठी निबंधग्रंथांत सांगितलेली मुदत नात्याप्रमाणे बदलते. वडिलांसाठी वर्ष, आईसाठी सहा महिने, पत्नीसाठी तीन महिने, भाऊ किंवा मुलासाठी दीड महिना. अडचण असेल तर शांती करून त्याआधीही लग्न करण्याची सोय ठेवलेली आहे. आपल्यापुरतं महत्त्वाचं असं की हा विचार वाङ्‌निश्चयानंतरचा आहे, म्हणजे शब्द दिला-घेतल्यानंतरचा. जिथे अजून भेटच झालेली नाही, सुपारी फुटलेली नाही, तिथे प्रतिकूलाचा प्रश्नच येत नाही. तिथे फक्त सुतक आणि माणसांची मनं. म्हणजे वडील गेलेल्या घराने दोन महिन्यांनी पाहुण्यांना भेटायचं ठरवलं तर त्यात शास्त्राचा अडसर नाही, आणि सहा महिने थांबायचं ठरवलं तर तेही आपल्या मनाने ठरवलेलं आहे. शास्त्राचा धाक घालून मुलीला घाई करायला लावणं तर मुळीच योग्य नाही.

समोरच्या घराला मात्र या बाबतीत अंधारात ठेवू नये. वडील गेले असतील तर तेराव्यानंतरच्या फोनवर हे सांगावं : ‘भेटायला आम्हाला दीड-दोन महिने लागतील. जमलंच तर लग्न वर्षाच्या आत करायचं की नंतर, हे भेटल्यावर तुमच्या विचारानं ठरवू. तुम्हाला एवढं थांबणं शक्य नसेल तर मोकळेपणानं सांगा, आम्हाला राग येणार नाही.’ हे शेवटचं वाक्य बोलायला जड जातं, पण ते समोरच्याला मोकळं करतं. मुलाचं वय झालेलं असेल, त्याच्या पाठच्या बहिणीचं लग्न खोळंबलेलं असेल. त्यांनाही अडचणी असतात, आणि त्या दुःखाच्या घरी बोलून दाखवणं त्यांना अवघड वाटतं.

वडील गेलेल्या घरात आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पुढे ढकललेली भेट जवळ आली की उघड होते. आईला बाजूला केलं जातं. पाहुण्यांचं स्वागत काकू करणार, मुलीला बाहेर आणणार काकू, बोलणी काका करणार, आणि आई स्वयंपाकघरात. कुणी तिला ‘तू पुढे येऊ नकोस’ असं म्हणत नाही, पण तिला आपली जागा समजते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव गावाने केला तरी तो पाळायचा असतो घरात, आणि मुलीच्या भेटीचा दिवस हा त्याची परीक्षा घेणारा दिवस आहे. म्हणून नवी तारीख ठरवताना ती आईला विचारून ठरवावी, आणि पाहुण्यांना फोनवरच सांगून ठेवावं की बोलायला मुलीची आई असेल. ज्या घराला हे खटकतं, त्या घराविषयी हे आधीच कळलेलं बरं.

बातमी ऐकणाऱ्याचं काम

निरोप जितका जपून द्यायचा तितकाच जपून तो घ्यायचाही असतो. मुलाकडच्यांनी बातमी ऐकल्यावर पहिल्या वाक्यात स्थळाचा विषयही काढू नये. ‘फार वाईट झालं. आजींना पाहायचं राहूनच गेलं. रविवारचं काही मनात ठेवू नका, तुमच्या फोनची वाट बघतो, आम्ही थांबू.’ यातला ‘आम्ही थांबू’ हा शब्द दुःखाच्या घरी फार मोलाचा ठरतो. आमची गाडी ठरवून झाली होती, मुलाने रजा टाकली होती, ताईंना पुण्याहून बोलावलं होतं, हे सगळं खरं असलं तरी त्या दिवशी सांगायचं नाही.

समाचाराला जावं की नाही, यावर घराघरांत मतभेद असतात. होणाऱ्या सोयऱ्यांचं पहिलं पाऊल सुतकाच्या घरात पडू नये असं काही वडीलधाऱ्यांना वाटतं. माझ्या मते शब्द अजून दिलेला नसेल तेव्हा फोन पुरेसा आहे. साखरपुडा झाला असेल तर मात्र जायलाच हवं, आणि सून किंवा जावई म्हणून नव्हे तर घरातलं माणूस म्हणून जावं. मध्यस्थाला विचारून निर्णय घेतला की चूक होत नाही. गेलंच तर दोन-तीन मोठी माणसं जावीत, मुलाला नेऊ नये. मिठाई, साडी, नारळ काही बरोबर नसावं. थोडा वेळ बसून उठावं, आणि रीतीप्रमाणे निघताना ‘येतो’ म्हणू नये. त्या घरातली मुलगी समोर आली तर तिच्याकडे भावी सून म्हणून पाहण्याचा तो दिवस नाही.

याच सुमाराला एक विषारी गोष्ट डोकं वर काढू शकते. ‘बोलणी सुरू झाली आणि घरात माणूस गेलं. पायगुण बघा.’ कधी मुलाच्या घरी मृत्यू होतो आणि हे मुलीबद्दल बोललं जातं, कधी उलटं. हे बहुधा जवळचं माणूस बोलत नाही. समाचाराला आलेली एखादी लांबची आत्या किंवा मावशी सहज बोलून जाते आणि ते वाक्य घरात फिरत राहतं. 80 वर्षांची, सहा महिने अंथरुणाला खिळलेली बाई दुसऱ्या गावातल्या मुलीचा फोटो पाहिल्याने जात नाही. हे घरातल्या मोठ्या माणसाने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर आणि मोठ्याने म्हणायला हवं. नंतर एकांतात समजूत घालून उपयोग नाही, कारण तोवर ते वाक्य मध्यस्थापर्यंत आणि तिथून त्या मुलीपर्यंत पोचलेलं असतं. पहिल्या फोनमध्ये ‘आमचं मन आहे तसंच आहे’ हे वाक्य हवं म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

याच्या उलट टोकाचं दडपणही असतं. ‘आजीची शेवटची इच्छा होती नातीचं लग्न बघायची, तेव्हा आता लवकर करून टाकू.’ आजीची इच्छा नातीला सुखी बघण्याची होती. ती इच्छा पुढे करून न भेटलेल्या मुलाला होकार मिळवणं हे गेलेल्या माणसाचं नाव वापरणं आहे. ती मुलगी दुःखात असते, विरोध करण्याचं बळ तिच्यात नसतं. अशा वेळी मिळालेला होकार पुढे तिला आणि त्या मुलालाही जड जातो.

परदेशातून आलेला मुलगा

कधी थांबणं खरोखरच शक्य नसतं. मुलगा अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला असतो, त्याच्या याच फेरीत भेट व्हायला हवी असते, आणि त्याच्या परतीच्या दिवसाआधी तेरावा होत नाही. अशा वेळी मागणी मुलाकडून येऊ नये. अडचण मध्यस्थामार्फत फक्त कळवावी : ‘मुलगा 17 तारखेला परत जातोय, एवढंच तुमच्या माहितीसाठी. तुम्हाला जमेल तसं.’ निर्णय दुःखाच्या घराचा.

त्या घराला वाटलं तर मुलगा-मुलगी बाहेर, एखाद्या बागेत किंवा हॉटेलात तासभर भेटू शकतात. मोठी माणसं नाहीत, पोहे नाहीत, कुंकू-ओटी नाही. तो बघण्याचा कार्यक्रम होत नाही, दोन माणसं भेटतात. घरची औपचारिक भेट नंतर व्हिडिओ कॉलवर किंवा मुलाच्या पुढच्या फेरीत होते. पण मुलीने ‘आत्ता माझं मन नाही’ म्हटलं तर विषय तिथे संपावा. एका गोष्टीकडे मुलानेही लक्ष द्यावं. ती भेटीत गप्प असेल, हसली नाही, तर त्यावरून तिच्या स्वभावाचा अंदाज बांधू नये. ती नेहमी कशी असते, हे त्या तासात दिसणारच नाही.

ठरल्या तारखेचा फोन

पहिल्या फोनवर दिलेलं वचन खरं होतं की नाही, ते 20 तारखेला कळतं. तो फोन झालाच पाहिजे, अगदी ‘आईची तब्येत अजून सावरलेली नाही, आणखी पंधरा दिवस द्या’ एवढंच सांगायचं असलं तरी. ठरल्या तारखेला केलेला फोन ही खऱ्या पुढे ढकलण्याची सगळ्यांत ठोस खूण आहे. नकार देणारा माणूस सहसा स्वतःहून फोन करत नाही.

तो फोन आला नाही, तर समोरच्यांनी आणखी आठेक दिवस जाऊ द्यावेत. दुःखाच्या घरात तारखा निसटतात. मग मध्यस्थाने एकदा विचारावं, आणि विचारतानाही आधी घरची चौकशी करावी. त्यावर ठोस दिवस मिळाला नाही, ‘बघू, कळवतो’ एवढंच उत्तर आलं, तर तो नकार समजून पुढे जावं. त्याबद्दल त्या घराला बोल लावू नये. मृत्यूनंतर घरांचे विचार खरंच बदलतात. एकट्या राहिलेल्या आईला सोडून मुलीला लांबच्या गावी जायचं नसतं. मुलाच्या खांद्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी आलेली असते.

असं मन बदललं असेल तर दुःखाच्या घरानेही ते स्पष्ट सांगायला हवं. मृत्यूच्या आड नकार लपवून समोरच्याला महिनोन्‌महिने टांगून ठेवणं हे गेलेल्या माणसालाही शोभणारं नाही आणि त्या दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला न्याय देणारं नाही. तेरावा झाल्यावर एक फोन करावा. ‘वडील गेल्यानंतर मुलीला इतक्या लांब द्यावं असं आम्हाला आता वाटत नाही. तुमच्या मुलात किंवा घरात काहीच कमी नाही. तुम्ही थांबलात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.’ कारण खरं आहे, म्हणून ते ऐकणाऱ्याला लागत नाही.

आणि सगळं ठीक राहून भेटीचा दिवस आलाच, तर घर नेहमीपेक्षा साधं ठेवावं. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असेल तो पाहुण्यांसाठी झाकू किंवा काढू नये. पाहुण्यांनीही आल्याआल्या त्या फोटोसमोर क्षणभर थांबून मग बसावं, आणि यजमानांनी आजी किंवा वडील कसे होते ते चार वाक्यांत सांगावं. एवढं झालं की दोन्ही घरांना मोकळेपणाने बोलता येतं. विषय टाळला तर तो भेट संपेपर्यंत सगळ्यांच्या मनात राहतो आणि मुलीला किंवा मुलाला धड बोलू देत नाही. ज्या सोयऱ्यांशी पहिल्याच भेटीत घरातल्या मृत्यूबद्दल सरळ बोलता आलं, त्यांच्याशी पुढे पैशाबद्दल, आजारपणाबद्दल आणि मतभेदांबद्दलही बोलता येईल, एवढा अंदाज त्या एका सकाळी बांधता येतो.